जात्यावरची एक ओवी इंग्रजीत नेताना: लय, जडपणा आणि आईचं दूध

प्रश्न: आमच्या आजीच्या तोंडी जात्यावरची एक ओवी होती, "जात्या तू ईश्वरा, नको मला जड जाऊ, बयाच्या दुधाचा, सया पाहतात अनुभवू." मला ती इंग्रजीत करायची आहे. मी केलेला अनुवाद असा: "ओ मिलस्टोन, ओ गॉड, डू नॉट बी हेवी फॉर मी; माय फ्रेंड्स आर टेस्टिंग द क्वालिटी ऑफ माय मदर्स मिल्क." अर्थ आला, पण दळणं गेलं. यमक जुळवलं की बालगीत होतं. लय आणि कष्ट दोन्ही कसे आणायचे?

उत्तर:

तुमच्या अनुवादात अर्थाची चूक नाही, तेव्हा शब्दकोश बाजूला ठेवून आधी कानाने काम करू. या उत्तरातल्या इंग्रजी ओळी मी तुमच्यासारख्याच देवनागरीत लिहिते आहे. डोळ्यांना त्या जरा विचित्र वाटतील, पण मोठ्याने वाचल्या की कुठला स्वर लांबतो आणि कुठे जोर पडतो ते लगेच कळेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पहिल्यांदा ओवीचा सांगाडा पाहा. दोन ओळी, प्रत्येकीचे दोन तुकडे. "जात्या तू ईश्वरा" यात सहा अक्षरं, "नको मला जड जाऊ" यात आठ. "बयाच्या दुधाचा" पुन्हा सहा, आणि "सया पाहतात अनुभवू" दहा. म्हणजे पहिला तुकडा दोन्ही ओळींत सारखा आणि आखूड, दुसरा लांब, आणि दुसऱ्या ओळीत तो आणखी लांब. अक्षरं कमीजास्त असली तरी गाताना वेळ बिघडत नाही. गळा कमी अक्षरं ताणतो, जास्त अक्षरं दाटीने बसवतो. म्हणून इंग्रजीत अक्षरं मोजून सारखी करण्याच्या नादी लागू नका. आखूड तुकडा, मग लांब तुकडा, हे माप तेवढं सांभाळा.

आता तुकड्यांची शेवटं पाहा. ईश्वरा, दुधाचा: दोन्हीकडे आ. जाऊ, अनुभवू: दोन्हीकडे ऊ. चारही तुकडे उघड्या, दीर्घ स्वरावर संपतात. हे जात्यामुळे आहे. जातं गोल फिरतं. खुंटा अर्ध्या फेऱ्यात अंगाकडे येतो, अर्ध्या फेऱ्यात लांब जातो, मध्ये कुठे थांबत नाही. दोघी समोरासमोर बसल्या असतील तर एकीचं ओढणं तेच दुसरीचं लोटणं असतं. असा फेरा चालू असताना तुकड्याच्या शेवटी स्वर कितीही लांबवता येतो. दळण जड जात असेल तर तो जास्त लांबतो, हलकं जात असेल तर आवरतो. एक तुकडा म्हणजे एक फेरा असा हिशेब मात्र मांडू नका. गाणारी आपल्या दमाप्रमाणे तो जुळवते, अर्धी ओळ परत म्हणते, मध्ये "बाई", "गं" घालते.

इथेच इंग्रजी अनुवादाची वाट बरेचदा चुकते. श्रमगीत म्हटलं की इंग्रजी वाचकाला जहाजावर दोर ओढणाऱ्या खलाशांची गाणी आठवतात. त्यांत ठरलेल्या शब्दावर सगळे मिळून हिसका देतात, म्हणून त्या ओळी ठोक्यावर तुटतात. जात्याला हिसका चालत नाही. हिसका दिला तर खुंट्यावरचा हात दुखतो आणि पीठ एकसारखं पडत नाही. मुसळाच्या कांडणात ठोका असतो, आणि ओवीची जुनी नोंद कांडणाशीच जोडलेली आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ओवी ठोक्यावरही चालते आणि फेऱ्यावरही. तुमची ओवी जात्याला उद्देशून आहे, तेव्हा इंग्रजी ओळ फेऱ्यासारखी हवी, ठोक्यासारखी नको.

यमक जुळवल्यावर बालगीत का होतं, तेही यातून कळतं. ठरावीक यमकी अनुवाद असा निघतो: "ओ गॉड ऑफ द ग्राइंडस्टोन, बी जेंटल, आय प्लीड, माय फ्रेंड्स कम टु सी ऑन व्हॉट मिल्क आय डिड फीड." हे मोठ्याने म्हणून पाहा. एक जोराचं अक्षर, मागे दोन हलकी, परत एक जोराचं, मागे दोन हलकी. ओळ दुडक्या चालीने पळते, ओझं वाहणाऱ्या अंगाला ती चाल जमणार नाही. शिवाय "प्लीड" आणि "फीड" दोन्ही ड-वर आपटून बंद होतात. वर "डिड फीड" हे केवळ यमकासाठी वाकवलेलं वाक्य, आणि आपल्या ओवीत असं काही नाही. जाऊ आणि अनुभवू यांचं यमक तरी केवढं? शेवटचा ऊ तेवढा जुळतो. इंग्रजीतही तेवढंच पुरे. शेवटी एक उघडा दीर्घ स्वर जुळला की भागलं.

आता शब्दांकडे येऊ, आणि पहिला शब्द जातं. तुम्ही "मिलस्टोन" घेतलंत. ऐकणाऱ्याच्या मनात त्याने पाणचक्कीचा किंवा पवनचक्कीचा प्रचंड दगड येतो, आणि गळ्यात अडकवलेलं ओझं हा त्याचा रूढ अर्थही चिकटलेला असतो. "ग्राइंडस्टोन" म्हणजे बहुतेकांच्या लेखी सुऱ्यांना धार लावायचं चाक. "क्वर्न" हा हातजात्याचा नेमका शब्द, पण आज तो वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर भेटतो, आणि आजी रोज ज्याच्याशी बोलायची त्याला तो शोभत नाही. आजीच्या ओव्यांवर दोन वाक्यांची प्रस्तावना लिहाल त्यात "हँड-मिल" म्हणा, दोन दगड, लाकडी खुंटा, पहाटेचं दळण हे तिथे एकदा सांगा, आणि ओवीत नुसतं "स्टोन" ठेवा. एकच अक्षर, पूर्ण जोर, आणि शेवटचा न नाकात घोळवता येतो. दगडालाच देव म्हणणं त्याने थेट समोर येतं.

ओवी जात्याच्या नावानेच उघडते, ते बदलू नका. खुंट्याला हात घातला की आधी जात्याला हाक, मग विनंती. "ओ" नको, त्याने स्तोत्राचा वास येतो. मी आधी "स्टोन, माय गॉड" लिहून पाहिलं असतं, पण इंग्रजी कानाला तो दचकल्याचा उद्गार वाटतो. "स्टोन, यू आर गॉड" म्हटलं की विधान सरळ होतं. त्यात "अ गॉड" करू नका. आजीने जात्याला एखादा देव म्हटलेलं नाही, ईश्वर म्हटलं आहे.

आता "जड". सगळे कष्ट या एका शब्दात आहेत. यात घाम नाही, पहाट नाही, दुखणारे हात नाहीत, आणि अनुवादक नेमकं तेच घालायला बघतो. घालू नका. जड हा शब्द इथे अगदी खरा, वजनाचा आहे. जात्यात मोठा घास टाकला तर दाण्यांवर वरची तळी उचलल्यासारखी होते आणि जातं हलकं फिरतं, पण भरड निघते. भाकरीला बारीक पीठ हवं तर घास लहान टाकावा लागतो, मग दगड दगडाला लागून चालतो आणि खुंटा ओढवत नाही. दाणे सर्द असले तरी तेच. म्हणजे चांगलं दळणाऱ्या बाईलाच जातं जड जातं. सोपी वाट, मोठा घास टाकून मोकळं व्हायची, तिच्या हातात असते. ती ती घेत नाही, उलट जात्यालाच विनवते. हे कळल्यावर "बी जेंटल" किंवा "बी काइंड" का चालत नाही ते उमगेल. ती दया मागत नाही, वजन कमी करायला सांगते आहे.

मराठीत जातं जड "जातं", म्हणजे जडपणा जाण्याच्या क्रियेत आहे. "बी हेवी" ने तो दगडाचा कायमचा गुण होतो. इंग्रजीतलं "टर्न" इथे फार उपयोगी पडतं. त्याचा एक अर्थ फिरणं, दुसरा बदलून तसं होणं, आणि "टर्न ऑन मी" म्हणजे आपलं माणूस उलटणं. "डोन्ट टर्न हेवी ऑन मी" या पाच शब्दांत जात्याचा फेरा, त्याचं जड होणं आणि ऐनवेळी दगा देण्याची भीती, तिन्ही येतात. वर काही घालावं लागत नाही. त्यातच कष्टाचा आवाजही आहे. "डोन्ट", "टर्न", "हे-" अशी तीन जोराची अक्षरं लागोपाठ येतात, मध्ये हलकं अक्षर नाही, त्यामुळे जीभ आपोआप मंद होते. मग "-वी ऑन" सुटतं आणि "मी" वर स्वर उघडतो. खुंटा जड भागातून ओढून पुढे सैल सुटावा तशी ही ओळ चालते. वर्णन न करता कष्ट आणायचे ते असे, तोंडाला ते करायला लावून.

दुसऱ्या ओळीतही मराठीचा क्रम सोडू नका. आधी बयाचं दूध, मग सया. तुमच्या अनुवादात मैत्रिणी पुढे आल्या आणि दूध शेवटी गेलं, त्यामुळे ओवीचा तोल बदलला. पहिल्या ओळीच्या आरंभी जातं आहे, दुसरीच्या आरंभी आई. दगड आणि दूध समोरासमोर बसतात. त्याहून मोठी अडचण "क्वालिटी" या शब्दाची, त्याने दूध डेअरीत तपासायला आल्यासारखं वाटतं. "अनुभव पाहणं" म्हणजे कस लागणं, प्रचीती बघणं. "वेटिंग टु सी" मध्ये निकालाची वाट पाहणं आहे, आणि "वेट" या उच्चारात इंग्रजी कानाला वजनाचाही भास होतो. सयांसाठी "फ्रेंड्स" पेक्षा मला "द गर्ल्स" पसंत आहे. इंग्रजीत बायका आपल्या कुठल्याही वयाच्या मैत्रिणींना सहज असं म्हणतात, आणि शब्द आखूड आहे.

दोन ओळींमध्ये "कारण" हा शब्द नाही, तो घालू नका. जड जाऊ नको, असं का? तर आईच्या दुधाची परीक्षा चालली आहे. ही सांधजोड ऐकणाऱ्याने करायची असते. मूळ ओवीत पहिल्या ओळीनंतर स्वर लांबतो, जातं फिरत राहतं, आणि त्या वेळात ती होते. इंग्रजीत पूर्णविराम द्या आणि तेवढी जागा राहू द्या. आईच्या दुधातून बळ येतं हे इंग्रजी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, तेवढं त्यालाही ठाऊक असतं. सासूचं नाव मात्र चुकूनही आणू नका. सासरी कष्टाळू सून अशी गोष्ट करायचा मोह होतो, पण ओवीत पाहणाऱ्या सया आहेत. आपल्या बरोबरीच्या बायकांसमोर आईचं नाव राखायचं आहे. या ओवीत तक्रार फारशी नाही. अभिमान आहे, आणि तो ढळेल की काय ही धाकधूक आहे.

सगळं जुळवून माझा छापायचा पाठ असा:

स्टोन, यू आर गॉड,
डोन्ट टर्न हेवी ऑन मी.
माय मदर्स मिल्क,
द गर्ल्स आर वेटिंग टु सी.

इंग्रजी उच्चाराप्रमाणे अवयव मोजले तर पहिले तुकडे चार आणि चार, दुसरे सहा आणि सात. मराठीत सहा-आठ आणि सहा-दहा होतं. माप तंतोतंत नाही, पण आखूड-लांब, आणि शेवटचा तुकडा सर्वांत लांब, ही चाल राहिली. "मी" आणि "सी" दोन्ही उघड्या ई-वर संपतात, गाताना हवे तेवढे ताणता येतात. आपल्या ऊ-चं काम इथे ई करते.

जे राहिलं नाही तेही सांगते. ईश्वरा आणि दुधाचा इथला आ इंग्रजीत आला नाही. "गॉड" ला ड आहे, पण त्याआधीचा ऑ लांबवता येतो, म्हणून तो खपतो. "मिल्क" खपत नाही. त्यातला इ ऱ्हस्व, शेवटी क, तुकडा मध्येच चिमटल्यासारखा बंद होतो. कागदावर वाचताना हे जाणवणार नाही आणि "माय मदर्स मिल्क" ही इंग्रजीतली रुळलेली, घरगुती जोडी आहे, म्हणून छापायला मी ती ठेवते. पण कार्यक्रमात आजीच्या चालीवर कुणी इंग्रजी ओवी म्हणणार असेल तर ओळ बदला: "द मिल्क ऑफ माय मदर, द गर्ल्स आर वेटिंग टु सी." "मदर" चा शेवट उघडा आहे, आवाज तिथे टेकवता येतो. बोलीचा घरगुतीपणा थोडा कमी होतो आणि गाणं चालतं. कागदाचा पाठ आणि गळ्याचा पाठ वेगळे ठेवण्यात काही गैर नाही. मराठीतही छापलेली ओवी आणि गायलेली ओवी कुठे एक असते?

गायचा पाठ करताना पुनरावृत्ती ठेवा: "स्टोन, यू आर गॉड, स्टोन, यू आर गॉड, डोन्ट टर्न हेवी ऑन मी." दुसरी बाई ओळ उचलते तशी ती दुसऱ्या आवाजात द्या. मधल्या "बाई" आणि "गं" यांचा "सिस्टर" मात्र करू नका. ती हाक नाही, फेरा भरून काढणारा सूर आहे. तो मराठीतच राहिला तरी इंग्रजी ओळीत बसतो.

तुमचा पाठ उतरला की नाही ते तपासायला जातं मिळालं तर उत्तम. नाहीतर जड पाट्यावर किंवा टेबलावर मूठ दाबून मोठं वर्तुळ फिरवा, अंगाकडे ओढताना कस लागेल इतकी दाबून, आणि ओवी आधी मराठीत म्हणा. ती बसली की हात न थांबवता इंग्रजी ओळ घ्या. हात आपोआप भरभर फिरू लागला तर ओळ पळते आहे, बहुधा हलकी अक्षरं जास्त झाली आहेत. तुकड्याच्या शेवटी हात अडखळला तर तिथे बंद व्यंजन आलं आहे. मध्येच दम घ्यावा लागला तर तुकडा लांब झाला आहे. तुमची पहिली ओळ अशी म्हणून पाहा: "डू नॉट बी हेवी फॉर मी" मध्ये जोर नेमका कुठे द्यायचा हेच हाताला कळत नाही, आणि "टेस्टिंग द क्वालिटी ऑफ माय मदर्स मिल्क" ला एक दम पुरत नाही. दळणं गेलं असं तुम्हाला वाटलं ते यामुळेच.

कान तयार करायला मूळ ध्वनिमुद्रणं ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आहे, आणि २०१७ पासून त्यातल्या ओव्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर मराठी शब्द, इंग्रजी अनुवाद आणि अनेक ठिकाणी आवाजासह प्रसिद्ध होत आल्या आहेत. आधी अनुवाद झाकून फक्त आवाज ऐका आणि स्वर कुठे लांबतो त्यावर कागदावर खुणा करा. मग अनुवाद वाचा. काही अनुवाद अर्थ नेमका देतात आणि लय सोडतात. संग्रहाचं काम म्हणून ते योग्यच आहे, कारण तिथे मूळ आवाज सोबत असतो. तुमच्या पुस्तकात आवाज नसणार, म्हणून लयीचा भार तुमच्या ओळीला उचलावा लागेल.

मूळ ओवी देवनागरीत वर छापा आणि आजी म्हणायची तशीच छापा. ही ओवी बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडते, कुठे "मला" ऐवजी "मशी", कुठे क्रियापदाचं रूप वेगळं. आजी "पाहत्यात" म्हणत असेल तर ते "पाहतात" करू नका. अक्षर एक कमीजास्त झालं तरी तिच्या गळ्यात ते बसलेलं आहे, आणि तुमच्या इंग्रजी तुकड्याची लांबीही तिच्याच म्हणण्यावर ठरवायची आहे. खाली आजीचं नाव आणि गाव द्या. अनुवादक म्हणून तुमचं नाव त्याखाली.